‘शास्त्रीय कारण लिहा’: अणूचा आकार आणि क्रियाशीलता यांवरच्या प्रश्नांची उत्तरं कशी बांधायची

दहावीच्या वह्या तपासताना एक उत्तर हमखास भेटतं. प्रश्न असतो: सोडिअमपेक्षा क्लोरीनचा अणू लहान का? उत्तर असतं: ‘कारण आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार कमी होत जातो.’ वाक्य बरोबर आहे, पण ते कारण नाही. प्रश्नातच जे सांगितलं होतं, तेच मुलाने मोठ्या प्रमाणावर पुन्हा सांगितलं. एक अणू लहान का, तर त्या ओळीतले सगळेच लहान होत जातात म्हणून.

आवर्तसारणीतली जागा हा मूलद्रव्याचा पत्ता आहे. पत्त्यावरून आकार कसा असेल याचा अंदाज बांधता येतो, पण पत्त्यामुळे आकार ठरत नाही. आकार ठरतो केंद्रक आणि बाहेरचे इलेक्ट्रॉन यांच्यातल्या ओढीने. म्हणून कुठलंही उत्तर लिहून झालं की त्यावर बोट ठेवून आणखी एकदा ‘का?’ विचारून पाहावं. वाक्य केंद्रकापर्यंत पोहोचलं असेल तर तिथे ‘का’ थांबतो. ‘डावीकडे’, ‘उजवीकडे’, ‘वरून खाली’ एवढ्यावरच वाक्य संपत असेल, तर उत्तर अजून सुरूच झालेलं नाही.

आधी दोन आकडे काढा

आकाराचा प्रश्न आला की लेखणी उचलण्याआधी कच्च्या कागदावर प्रत्येक मूलद्रव्याचं इलेक्ट्रॉन संरूपण लिहा आणि त्यातून दोन आकडे काढा. पहिला आकडा म्हणजे कवचं किती. दुसऱ्या आकड्याला मी वर्गात ‘उरलेला प्रभार’ म्हणतो. केंद्रकावर जेवढा धनप्रभार आहे, त्यातून आतल्या पूर्ण कवचांमधले इलेक्ट्रॉन वजा करायचे आणि उरेल तो प्रभार बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या वाट्याला येतो असं धरायचं.

वजाबाकी कशासाठी, तेही समजून घेऊ. बाहेरच्या कवचातल्या इलेक्ट्रॉनला केंद्रक आपल्याकडे ओढतं, पण त्या दोघांच्या मध्ये आतले इलेक्ट्रॉन असतात. तेही ऋणप्रभारित असल्यामुळे बाहेरच्याला दूर ढकलतात. केंद्रकाच्या ओढीला त्यांचा आडोसा होतो म्हणा ना. शास्त्रीय भाषेत याला परिरक्षण म्हणतात.

सोडिअमचा अणुअंक 11, संरूपण 2, 8, 1. कवचं तीन. केंद्रकावर +11, आतले इलेक्ट्रॉन 10, म्हणजे उरलेला प्रभार +1. क्लोरीनचा अणुअंक 17, संरूपण 2, 8, 7. कवचं तीनच. केंद्रकावर +17, आतले 10, उरलेला प्रभार +7. कवचं तेवढीच, पण बाहेरच्या प्रत्येक इलेक्ट्रॉनवरची ओढ कितीतरी जास्त. म्हणून बाहेरचं कवच आत ओढलं जातं आणि अणू लहान होतो. सोडिअमची अणुत्रिज्या 186 पिकोमीटर आहे, तर क्लोरीनची 99. मधले मॅग्नेशिअम (160) आणि ॲल्युमिनिअम (143) याच उताराच्या पायऱ्या आहेत.

हे आकडे येतात कुठून? अणूला कडा नसते, त्यामुळे त्याला पट्टी लावता येत नाही. क्लोरीनच्या रेणूतल्या दोन केंद्रकांमधलं अंतर 198 पिकोमीटर आहे. त्याचं निम्मं केलं की 99. सोडिअमच्या बाबतीत धातूच्या स्फटिकातल्या शेजारच्या दोन केंद्रकांमधलं अंतर घेऊन ते निम्मं करतात. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे निऑनपाशी ती कामाला येणार आहे.

इथे वर्गातलं एखादं चौकस मूल हात वर करतंच: ‘सर, सोडिअमकडून क्लोरीनकडे जाताना इलेक्ट्रॉनसुद्धा सहा वाढले ना? मग अणू फुगायला नको का?’ शंका अगदी योग्य आहे आणि तिचं उत्तर कळलं की आवर्तातला प्रश्न कायमचा सुटतो. वाढलेले सहाही इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कवचात येतात. ते केंद्रक आणि एकमेक यांच्या मध्ये उभे नसतात, तर शेजारी शेजारी असतात. शेजारी असलेला इलेक्ट्रॉन थोडं ढकलतो, पण त्याचा आडोसा फारच तोकडा पडतो. उलट केंद्रकात आलेला प्रत्येक प्रोटॉन सगळ्याच इलेक्ट्रॉनना ओढतो. या ओढाताणीत केंद्रकाची सरशी होते. (शेजाऱ्यांचं ढकलणं आपण हिशोबात शून्य धरलं, म्हणून +7 हा आकडा अंदाजाचा आहे. खरी ओढ त्याहून काहीशी कमी असते. तुलना करण्यापुरता मात्र हा अंदाज पुरतो.)

गणात: +19 असूनही पोटॅशिअम मोठा कसा?

गणातल्या प्रश्नाचं उत्तर मुलं एका दमात लिहितात: ‘कवचांची संख्या वाढते म्हणून अणुत्रिज्या वाढते.’ आवर्तातल्या उत्तरापेक्षा हे बरं आहे, कारण इथे निदान अणूच्या आतली गोष्ट सांगितली आहे. पण ते अर्धंच आहे. वाचणारा लगेच विचारेल की सोडिअमच्या केंद्रकावर +11 आणि पोटॅशिअमच्या केंद्रकावर +19 आहे, मग पोटॅशिअमने इलेक्ट्रॉन जास्त जोराने का ओढले नाहीत?

दोन आकडे काढून बघा. पोटॅशिअम 2, 8, 8, 1. कवचं चार. केंद्रकावर +19, आतले 18, उरलेला प्रभार +1. सोडिअमचाही उरलेला प्रभार +1 च होता. केंद्रकावर वाढलेले आठ प्रभार आत वाढलेल्या आठ इलेक्ट्रॉनच्या आडोशात खर्ची पडले. बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची ओढ वाढली नाही, पण त्याचं कवच मात्र एक पायरी दूर गेलं. म्हणून त्रिज्या 186 वरून 231 झाली. लिथिअम 152, सोडिअम 186, पोटॅशिअम 231, रुबिडिअम 244, सीझिअम 262 ही पूर्ण ओळ याच तर्काने वाढत जाते.

म्हणजे आवर्तात कवचं तीच राहतात आणि उरलेला प्रभार बदलतो, तर गणात उरलेला प्रभार तोच राहतो आणि कवचं बदलतात. उत्तर लिहिताना बदललेली गोष्ट सगळेच सांगतात. न बदललेली गोष्ट लिहायला मुलं विसरतात आणि उत्तर लंगडं पडतं ते तिथेच. आवर्तातल्या उत्तरात ‘कवचांची संख्या तीच राहते’ हे वाक्य हवंच. नाहीतर ‘केंद्रकावरचा प्रभार वाढतो’ हेच कारण गणालाही लागू पडेल आणि तिथे उलटा निष्कर्ष निघेल.

उत्तर कागदावर कसं उतरवायचं

दोन गुणांच्या कारणासाठी चार वाक्यं पुरतात. आधी जागा सांगा, मग काय तेच राहिलं, मग काय बदललं आणि त्याचा ओढीवर काय परिणाम झाला, शेवटी आकाराचा निष्कर्ष. उदाहरणादाखल एक पूर्ण उत्तर.

प्रश्न: आवर्तामध्ये डावीकडून उजवीकडे जाताना अणुत्रिज्या कमी होत जाते.

उत्तर: ‘एकाच आवर्तातील मूलद्रव्यांमध्ये कवचांची संख्या समान असते. डावीकडून उजवीकडे जाताना अणुअंक एकेकाने वाढतो, म्हणजे केंद्रकावरील धनप्रभारही एकेकाने वाढतो. भर पडणारा इलेक्ट्रॉन मात्र त्याच बाह्यतम कवचात जातो, त्यामुळे आतल्या इलेक्ट्रॉनचा आडोसा वाढत नाही. वाढलेल्या धनप्रभारामुळे बाह्यतम इलेक्ट्रॉन केंद्रकाकडे अधिक ओढले जातात आणि अणुत्रिज्या कमी होते. उदा., सोडिअम 186 पिकोमीटर, क्लोरीन 99 पिकोमीटर.’

या उत्तरात ‘डावीकडून उजवीकडे’ हे शब्द आहेतच, पण ते कारणाच्या जागी नाहीत. तिथून प्रवास सुरू होतो, एवढंच त्यांचं काम.

गणाचं उत्तर याच साच्यात पण उलट्या भूमिकांनी लिहायचं. संयुजा इलेक्ट्रॉन तेवढेच, नवीन कवचाची भर, वाढलेल्या प्रभाराला आतल्या कवचांचा आडोसा, बाहेरचा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून दूर. ते इथे पूर्ण लिहून देत नाही. वरचं उत्तर झाकून ते स्वतः लिहून पाहिलं तर साचा हातात बसेल.

दोन्ही आकडे एकदम बदलले तर

खरी गंमत इथे आहे, आणि घोकलेलं ज्ञान इथेच उघडं पडतं. मुलांना विचारा: लिथिअम मोठा की क्लोरीन? बहुतेक हात क्लोरीनच्या बाजूने वर येतात. लिथिअमची दोन कवचं, क्लोरीनची तीन, शिवाय क्लोरीनचे इलेक्ट्रॉन 17 आणि लिथिअमचे फक्त तीन. तरीही लिथिअमची त्रिज्या 152 आहे आणि क्लोरीनची 99.

उरलेला प्रभार काढला की उलगडा होतो. लिथिअममध्ये 3 वजा 2, म्हणजे +1. क्लोरीनमध्ये +7. क्लोरीनचं बाहेरचं कवच क्रमांकाने तिसरं आहे खरं, पण सातपट प्रभाराने ते इतकं आत खेचलं गेलं आहे की लिथिअमच्या सैल दुसऱ्या कवचाच्याही आत त्याचा पसारा मावतो. ॲल्युमिनिअमचंही तसंच. त्याची कवचं तीन, उरलेला प्रभार +3, त्रिज्या 143. तोही लिथिअमपेक्षा लहानच.

यातून एक नियम पक्का करावा. एका आकड्यात बरोबरी असेल, तेव्हाच दुसऱ्यावरून खात्रीने बोलता येतं. एक मूलद्रव्य जास्त कवचांचं आणि कमी उरलेल्या प्रभाराचं असेल, तर दोन्ही गोष्टी एकाच दिशेने बोट दाखवतात आणि तेव्हाही उत्तर ठाम देता येतं. उदाहरणार्थ, पोटॅशिअम (चार कवचं, +1) हा फ्लुओरीनपेक्षा (दोन कवचं, +7) मोठाच असणार. पण कवचंही जास्त आणि उरलेला प्रभारही जास्त अशी जोडी आली, तर त्या दोघांत रस्सीखेच आहे. अशा वेळी मोजलेला आकडा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. शालेय प्रश्नात अशी जोडी आली तर सोबत त्रिज्या दिलेल्या असतात, किंवा मधल्या एखाद्या मूलद्रव्यावरून वाट काढता येते.

मधलं मूलद्रव्य म्हणजे काय, ते एका उदाहरणाने सांगतो. ऑक्सिजन आणि मॅग्नेशिअम यांत मोठा कोण? मॅग्नेशिअमची कवचं तीन आणि उरलेला प्रभार +2, ऑक्सिजनची कवचं दोन आणि उरलेला प्रभार +6. इथे सरळ उत्तर मिळतंच, पण मधून जाऊनही पाहता येतं. ऑक्सिजनखाली गंधक आहे, म्हणून गंधक ऑक्सिजनपेक्षा मोठं. गंधकाच्याच ओळीत डावीकडे मॅग्नेशिअम, म्हणून मॅग्नेशिअम गंधकापेक्षा मोठं. म्हणजे मॅग्नेशिअम ऑक्सिजनपेक्षा मोठंच. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलली. लिथिअम आणि क्लोरीनसाठी असं करू गेलात तर एक पायरी वाढवते आणि दुसरी कमी करते. मग समजायचं की निव्वळ तर्काने हा प्रश्न सुटणारा नाही.

क्रियाशीलता: देणारा की घेणारा?

आकार कळला की क्रियाशीलतेकडे वळायचं, पण मध्ये एक प्रश्न विचारल्याशिवाय नाही: हे मूलद्रव्य इलेक्ट्रॉन देणारं आहे की घेणारं? धातू देतात, अधातू घेतात. मोठा आकार देणाऱ्याच्या पथ्यावर पडतो आणि घेणाऱ्याच्या मुळावर येतो. हा प्रश्न गाळल्यामुळेच मुलं लिहून जातात की ‘गणात खाली जाताना क्रियाशीलता वाढते’, आणि हॅलोजनच्या प्रश्नात आपटतात.

आधी देणारे घेऊ. पोटॅशिअम सोडिअमपेक्षा जास्त क्रियाशील का? इथे आणखी एक लोकप्रिय उत्तर आडवं येतं: ‘कारण पोटॅशिअमला अष्टक पूर्ण करायचं असतं.’ अष्टक तर दोघांनाही पूर्ण करायचं आहे! दोघंही एकेक इलेक्ट्रॉन देतात आणि दोघांच्याही आत आठचं कवच तयार आहे. जी गोष्ट दोघांमध्ये सारखीच आहे, ती त्यांच्यातल्या फरकाचं कारण होऊ शकत नाही. अष्टकावरून एवढंच कळतं की पहिल्या गणातल्या मूलद्रव्यांची संयुजा 1 का आहे. पोटॅशिअम अधिक जोमाने अभिक्रिया का करतो, हे त्यावरून कळत नाही.

फरकाचं कारण फरकातच शोधायला हवं. उरलेला प्रभार दोघांचा +1. पोटॅशिअमचा बाहेरचा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात, केंद्रकापासून अधिक दूर. म्हणून त्याच्यावरची ओढ कमी आणि तो काढून घ्यायला लागणारी ऊर्जाही कमी. ही ऊर्जा, म्हणजे आयनीभवन ऊर्जा, सोडिअमसाठी दर मोलला 496 किलोज्यूल आहे आणि पोटॅशिअमसाठी 419. पाण्यात टाकल्यावर फरक डोळ्यांना दिसतो. सोडिअमचा तुकडा वितळून त्याची गोळी होते आणि ती पाण्यावर सैरावैरा पळते. पोटॅशिअमच्या बाबतीत तयार होणारा हायड्रोजन लगेच पेट घेतो आणि जांभळट ज्योत दिसते. (हे शिक्षकांनी, काचेच्या आडोशामागून, मसुराएवढ्या तुकड्यावर करून दाखवायचं असतं. घरी करून बघायची ही गोष्ट नाही.)

आवर्तातलं उदाहरण सोडिअम आणि मॅग्नेशिअमचं घ्या. कवचं तीन-तीन, उरलेला प्रभार +1 आणि +2. मॅग्नेशिअमचा इलेक्ट्रॉन जवळही आहे आणि त्याच्यावर जास्त ओढही आहे, म्हणून पहिला इलेक्ट्रॉन काढायलाच 738 किलोज्यूल लागतात. वर त्याला एक नाही, दोन इलेक्ट्रॉन द्यायचे असतात. थंड पाण्यात मॅग्नेशिअमची फीत जवळजवळ निवांत पडून राहते, गरम पाण्यात हळूहळू बुडबुडे येतात. ‘धातुगुण आवर्तात डावीकडून उजवीकडे कमी होत जातो’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे हाच परिच्छेद. फक्त धातुगुण म्हणजे इलेक्ट्रॉन गमावण्याची प्रवृत्ती, हे वाक्य सुरुवातीला लिहायला हवं. ते नसेल तर आकार आणि धातुगुण यांच्यातला दुवाच तुटतो.

आता घेणारे. फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन या सगळ्यांचा उरलेला प्रभार +7, कवचं अनुक्रमे दोन, तीन, चार आणि पाच. इलेक्ट्रॉन घ्यायचा म्हणजे बाहेरून येणाऱ्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाने खेचून घ्यायचं. अणू जितका मोठा, तितका येणारा इलेक्ट्रॉन केंद्रकापासून लांबवरच थांबतो आणि त्याच्यावरची पकड ढिली पडते. म्हणून या गणात वरून खाली क्रियाशीलता कमी होते. पहिल्या गणात आणि इथे आकार एकाच कारणाने वाढतो, ओढ एकाच कारणाने कमी होते, पण देणाऱ्याला कमी ओढ हवी असते आणि घेणाऱ्याला जास्त.

याचा पडताळा प्रयोगशाळेत सहज मिळतो. पोटॅशिअम ब्रोमाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरीनचं पाणी घातलं की द्रावण पिवळसर नारिंगी होतं, कारण ब्रोमीन मोकळं झालेलं असतं.

Cl₂ + 2KBr → 2KCl + Br₂

उलट, पोटॅशिअम क्लोराइडमध्ये ब्रोमीनचं पाणी घातलं तर ब्रोमीनचा स्वतःचा रंग दिसतो, अभिक्रिया काही होत नाही. कारण लिहिताना असं लिहा: ‘क्लोरीनचा अणू ब्रोमीनपेक्षा लहान असल्याने त्याचं केंद्रक बाहेरच्या इलेक्ट्रॉनला अधिक जोराने आकर्षित करतं. म्हणून ब्रोमाइड आयनाकडचा इलेक्ट्रॉन क्लोरीन काढून घेतं आणि ब्रोमीन मुक्त होतं.’ नुसतं ‘क्लोरीन जास्त क्रियाशील आहे’ हे पुन्हा पत्ता सांगण्यासारखंच झालं.

तर्क कुठे तोकडा पडतो

वरचा हिशोब मी अगदी मनापासून वापरतो, म्हणूनच तो कुठे थांबतो हेही मुलांना सांगतो.

आकड्यांच्या काही तक्त्यांत निऑनची त्रिज्या फ्लुओरीनपेक्षा बरीच मोठी दिलेली दिसते आणि मुलं गोंधळतात. अणू अचानक फुगलेला नसतो, मोजण्याची पद्धत बदललेली असते. निऑन बंध करत नाही, त्यामुळे बंधातल्या अंतराचं निम्मं करता येत नाही. मग एकमेकांना नुसते टेकलेल्या अणूंमधलं अंतर घ्यावं लागतं, आणि ते नेहमीच जास्त भरतं. म्हणून राजवायूंची तुलना शेजारच्या हॅलोजनशी करू नये.

फ्लुओरीनचं प्रकरण जास्त खोल आहे. आपल्या तर्काप्रमाणे इलेक्ट्रॉन घेताना सर्वांत जास्त ऊर्जा फ्लुओरीनच्या अणूने बाहेर टाकायला हवी. प्रत्यक्षात तो दर मोलला 328 किलोज्यूल देतो आणि क्लोरीन 349. फ्लुओरीनचा अणू इतका लहान आहे की त्याच्या दुसऱ्या कवचात आधीच दाटी झालेली असते आणि नवा इलेक्ट्रॉन तिथल्या सात जणांकडून ढकलला जातो. तरीही फ्लुओरीन क्लोरीनपेक्षा कितीतरी क्रियाशील आहे. त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे त्याच्या रेणूतला बंध फार कमकुवत आहे. तो तोडायला 158 किलोज्यूलच्या आसपास ऊर्जा लागते, क्लोरीनच्या बंधाला 242 च्या आसपास. दहावीच्या उत्तरात हे लिहायची गरज नाही, पण अकरावीत हा प्रश्न समोर येतोच.

तिसरी मर्यादा चौथ्या आवर्ताची. वजाबाकीची ही रीत 1, 2 आणि 13 ते 17 या गणांपुरती वापरा. मधल्या संक्रमण मूलद्रव्यांत नवा इलेक्ट्रॉन आतल्या कवचात भरला जातो, तिथे आडोसा इतका सरळ मोजता येत नाही. त्याचा परिणाम पुढेही जाणवतो. ॲल्युमिनिअमच्या खाली बसलेलं गॅलिअम त्याच्यापेक्षा मोठं असायला हवं, पण ते किंचित लहानच भरतं, कारण मधल्या दहा मूलद्रव्यांत भरले गेलेले इलेक्ट्रॉन केंद्रकाला नीट आडोसा देत नाहीत.

एक पूर्ण प्रश्न सोडवू

चार मूलद्रव्यांची संरूपणं दिली आहेत: A (2, 8, 1), B (2, 8, 7), C (2, 8, 8, 1), D (2, 7). विचारलं आहे: आकाराचा चढता क्रम लावा, A आणि C यांपैकी पाण्याशी अधिक जोमाने अभिक्रिया कोण करेल, B चं मूलद्रव्य D च्या क्षारातून D ला विस्थापित करेल का, आणि A चा आयन A च्या अणूपेक्षा लहान का?

कच्च्या कागदावर आकडे मांडा. A: तीन कवचं, +1. B: तीन, +7. C: चार, +1. D: दोन, +7. आता B आणि D यांत प्रभार समान, म्हणून कवचांवरून D लहान. A आणि B यांत कवचं समान, म्हणून प्रभारावरून B लहान. A आणि C यांत प्रभार समान, म्हणून A लहान. प्रत्येक तुलनेत एकच गोष्ट बदलली आणि साखळी आपोआप तयार झाली: D < B < A < C. नावं घातली तर फ्लुओरीन, क्लोरीन, सोडिअम, पोटॅशिअम. नाव ओळखता आलं नाही तरी उत्तर अडत नाही, हे मुलांना मुद्दाम दाखवावं.

दुसऱ्या भागात दोघंही देणारे. C चा इलेक्ट्रॉन दूर, ओढ कमी, म्हणून C. तिसऱ्यात दोघंही घेणारे. D चं केंद्रक बाहेरच्या इलेक्ट्रॉनच्या अधिक जवळ, म्हणून D च्या आयनाकडून इलेक्ट्रॉन काढून घेणं B ला जमणार नाही. विस्थापन होणार नाही.

चौथ्या भागात काही मुलं लिहितात, ‘एक इलेक्ट्रॉन गेला म्हणून आकार थोडा कमी झाला.’ थोडा नाही. सोडिअमचा अणू 186 पिकोमीटरचा आणि त्याचा आयन 102 च्या आसपास. गेलेला इलेक्ट्रॉन तिसऱ्या कवचातला एकमेव होता, त्यामुळे ते अख्खं कवचच गेलं. आता बाहेरचं कवच दुसरं, आणि त्याच्यासाठी आडोसा फक्त आतल्या दोन इलेक्ट्रॉनचा. आपल्याच रीतीने 11 वजा 2 केलं तर उरलेला प्रभार +9. कवचं तीनाची दोन झाली आणि प्रभार एकाचा नऊ झाला. दोन्ही गोष्टी एकाच दिशेने गेल्या, म्हणून आयन इतका आक्रसला.